चुकवलेल्या गाड्या

मराठीत आपण 'मी गाडी चुकलो' असं म्हणत नाही. 'माझी गाडी चुकली' असं म्हणतो. चूक जणू गाडीचीच. १९९३ ते १९९६ ही तीन वर्षं मी पोलादपूरहून महाडला कॉलेजला जात होतो, आणि घरी रोज हेच वाक्य ऐकवत होतो. खरं क्रियापद वेगळं होतं. गाडी चुकत नव्हती, मी ती चुकवत होतो.

कारण साधं होतं. महाड स्टँडवरून पोलादपूरला जायला मला कोणतीही गाडी चालायची. खेडची, चिपळूणची, महाबळेश्वरची, सगळ्या पोलादपूरला थांबायच्या. कॉलेजातल्या एका मुलीला मात्र एकच गाडी होती, पोलादपूरच्या पुढे आत डोंगरातल्या गावात जाणारी वस्तीची गाडी. ती संध्याकाळी जायची, रात्री गावातच मुक्कामाला राहायची आणि सकाळी पोरांना घेऊन खाली यायची. त्या गाडीची वाट बघत ती फलाटावर मैत्रिणींबरोबर उभी असायची. मी वेळापत्रकाच्या फळ्याखाली उभा राहून रोज तीच ती अक्षरं वाचायचो आणि माझ्या दोन-तीन गाड्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायचो.

तीन वर्षांत आम्ही बोललो असू ते मोजून चार-पाचदा. 'सरांचा तास झाला का?' एवढंच. बाकी सगळा व्यवहार नजरेचा, आणि तोही एका बाजूचा. ती वळली की मी फळ्याकडे बघायचो. एसटीचा सवलतीचा पास प्लास्टिकच्या कव्हरात असायचा. त्या पासामागे घडी घालून एक चिठ्ठी ठेवली होती. कंडक्टरला रोज पास दाखवला, त्यामागची चिठ्ठी कुणालाच दाखवली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात त्या चिठ्ठीची कविता करायला घेतली. पहिला खर्डा मुक्तछंदात होता, पानभर. चंद्र होता, सावित्री नदी होती, काळीज होतं. मराठीच्या सरांना भीत भीत दाखवला. त्यांनी सगळं वाचून एका ओळीवर बोट ठेवलं: 'तू खिडकीशी बसलीस.' म्हणाले, "एवढी एकच ओळ तू डोळ्यांनी पाहिलेली आहे. बाकीची वाचलेली आहेत. पण हिच्यात दोन अडचणी आहेत."

पहिली अडचण छंदाची. आमच्या घरी भजन होतं. धाकट्या अभंगाचा आठ अक्षरांचा चरण लहानपणापासून कानात होता, आणि सरांना ते ठाऊक होतं. "अष्टाक्षरीत लिही," ते म्हणाले. तिथे लघुगुरूचा हिशेब नाही, फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही. तू-खि-ड-की-शी-ब-स-ली-स. नऊ भरली. एक जास्त. त्या एका अक्षरानं ओळ म्हणताना पाय अडखळतो.

दुसरी अडचण मोठी होती. 'बसलीस' म्हटलं की समोर मुलगी आहे हे उघड झालं. मराठी क्रियापद गुपित ठेवत नाही. सरांनी माधव जूलियनांचं उदाहरण दिलं. ते फार्सीचे जाणकार, फार्सी-मराठी कोश त्यांनीच केला आणि 'गज्जलांजलि'मधून गझल मराठीत रुजवली. फार्सीत क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे प्रेम कुणाचं कुणावर हे झाकलेलं राहतं. मराठीत ते झाकायला वाट शोधावी लागते. ती वाट व्याकरणातच आहे. 'तू आलीस', 'तू बसलीस' इथे क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. पण 'तू वही उघडलीस' हे मुलालाही म्हणता येतं आणि मुलीलाही, कारण तिथे 'उघडली' आहे ती वही. साध्या भूतकाळात कर्म आलं की क्रियापद बहुतेकदा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. 'मी पाहिलं', 'मी चुकवलं' यातही बोलणारा कोण हे कळत नाही.

मला हे हवंच होतं. महाडसारख्या गावात कॉलेजच्या भित्तिपत्रकावर 'बसलीस' लिहिलं असतं तर दुपारच्या आत ती कोण याची चर्चा स्टँडपर्यंत पोचली असती. मी खर्ड्यातले सगळे 'आलीस, गेलीस, हसलीस' खोडले. खोडल्यावर फारसं काही उरलं नाही. उरलं ते चुकणं आणि चुकवणं: नजर चुकवली, गाडी चुकवली. मग लक्षात आलं की कविता एवढीच आहे. चंद्रासकट बाकीचं आपोआप गळलं.

एसटीत तेव्हा छताखालची दोरी ओढून घंटी वाजवत. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. ती चढली आणि पहिला टोल पडला की दुसऱ्या टोलापर्यंत एखादा श्वास वेळ असायचा. त्या श्वासात मी रोज बोलणार होतो. कविता शेवटी अशी झाली:

नजरेने पाहिले ते
नजरेने चुकविले
दोन घंट्यांच्या मधले
शब्द खिशात राहिले

तुझ्या एका गाडीसाठी
माझ्या तीन चुकविल्या
घाटातल्या पावसाने
साऱ्या ओळी भिजविल्या

गाडी चुकली म्हणावे
आणि घरी सांगू नये
चुकवून जे मिळाले
ते कुणाला मागू नये

'दोन घंट्यांच्या मधले' ही ओळ चार-चार अक्षरांवर नीट तुटत नाही, 'घंट्यांच्या' मध्येच आडवं येतं. मी ती बदलायला निघालो होतो. सर म्हणाले, "राहू दे. तिथे तुझाही श्वास अडकत होता ना?"

टोपणनावानं कविता तिसऱ्या वर्षी भित्तिपत्रकावर लागली. तिसऱ्या दिवशी मी जिन्यात उभा होतो. ती एकटीच आली, फळ्यासमोर थांबली, वहीचं मागचं पान उघडलं आणि कविता उतरवून घ्यायला लागली. मैत्रीण आल्यावर म्हणाली, "कुणा मुलीनंच लिहिलीय बघ. अगदी माझंच लिहिलंय." आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला तेव्हा कळलं की तीही कुणाची तरी वाट बघत होती, आणि तो मी नव्हतो. फलाटावरच्या तिच्या ज्या नजरा मी तीन वर्षं जपल्या होत्या, त्या माझ्या खांद्यावरून दुसऱ्याच कुणाकडे जात असाव्यात. कविता माझी आहे हे सांगायला मी पाऊल उचललंही होतं. पण सांगितलं असतं तर ती कविता तिची राहिली नसती. मी जिना उतरलो. त्या दिवशी आलेली पहिली गाडी पकडली. वर्ष संपलं, तिचं लग्न झालं, ती दूर गेली.

आम्ही रोज ज्या जुन्या दगडी पुलावरून सावित्री ओलांडायचो, तो पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्या बातमीनंतर कित्येक दिवस माझ्या कानात दोरीची घंटी वाजत होती. कुणाकुणाचे काय काय शब्द त्या गाड्यांत राहिले असतील! जुलै २०२१ च्या पुरात महाडात मावशीच्या घरी ठेवलेली माझी ट्रंक चिखलात गेली. वह्या, पास, पासामागची चिठ्ठी, सगळं.

मुक्तछंदातल्या त्या पानभर खर्ड्यातली 'तू खिडकीशी बसलीस' एवढी एक ओळ सोडली तर आज मला काही आठवत नाही. ही बारा चरणांची कविता मात्र कागदाशिवाय राहिली, कारण आठ-आठ अक्षरांनी ती तोंडात बसली होती. तिनं वहीत उतरवलेलं ते पान कुठे असेल, माहीत नाही. असलंच तर त्यावर माझं नाव नाही, आणि ते तसंच असावं. लिंगाचे सगळे प्रत्यय खोडताना मला वाटलं होतं, मी तिला लपवतोय. खरं तर मी तिच्यासाठी जागा करत होतो.