जठराचं अस्तर बदलतं तेव्हा

एंडोस्कोपी होते, डॉक्टर सांगतात, ‘विशेष काही नाही, थोडी सूज आहे, दोन तुकडे तपासायला पाठवलेत.’ आठवड्याभरानं बायोप्सीचा रिपोर्ट येतो आणि त्यात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ किंवा ‘ॲट्रोफी’ हे शब्द असतात. घरातलं कुणीतरी ते मोबाइलवर शोधतं आणि ‘कॅन्सरची पूर्वावस्था’ असं उत्तर मिळतं. तिथून पुढे काही जण दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालून घ्यायला लागतात, तर काही जण रिपोर्ट फायलीत ठेवून विसरून जातात. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. हा बदल जठरात कुठं आहे, किती पसरला आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि तो घडवणारा जंतू अजून जिवंत आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. अनेकदा पहिल्या रिपोर्टमध्ये ही उत्तरं नसतातच.

जठराच्या आतल्या अस्तरात असंख्य बारीक ग्रंथी असतात. आम्ल, पाचक रस आणि संरक्षक चिकट स्राव त्या तयार करतात. वर्षानुवर्षं सूज राहिली की या ग्रंथी झिजतात, कमी होतात. ही ॲट्रोफी. काही ठिकाणी झिजलेल्या ग्रंथींच्या जागी चक्क आतड्यात असतात तशा पेशी उगवतात. तो मेटाप्लेझिया. या पेशी कॅन्सरच्या नसतात. आपापल्या जागी, म्हणजे आतड्यात, त्या अगदी निरोगीच मानल्या जातात. फक्त जठर ही त्यांची जागा नाही.

पेलायो कोरेआ या पॅथॉलॉजिस्टनं कोलंबियातल्या रुग्णांचा अभ्यास करून १९७५ मध्ये या बदलांचा क्रम मांडला: आधी दीर्घकाळची सूज, मग ॲट्रोफी, मग मेटाप्लेझिया, त्यानंतर डिस्प्लेझिया, म्हणजे पेशींची ठेवणच बिघडणं, आणि शेवटी कॅन्सर. ही सूज बहुतेकांमध्ये ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूमुळे येते हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या कामानं पुढे स्पष्ट झालं. जंतू बहुधा लहानपणीच पोटात येतो आणि हा सगळा प्रवास काही दशकं चालतो. बहुतेक माणसं तर मधल्याच पायरीवर आयुष्यभर थांबतात.

किती जण पुढे जातात? स्वीडनमध्ये जठराची बायोप्सी झालेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीनंतरच्या वीस वर्षांत निरोगी अस्तर असलेल्या साधारण २५६ जणांपैकी एकाला जठराचा कॅन्सर झाला. ॲट्रोफी असलेल्यांमध्ये हे प्रमाण ५० पैकी एक होतं आणि मेटाप्लेझिया असलेल्यांमध्ये ३९ पैकी एक. म्हणजे धोका सहापटींहून अधिक वाढतो हे खरं, आणि ३९ पैकी ३८ जणांना वीस वर्षांत कॅन्सर होत नाही हेही तितकंच खरं. मात्र ही सरासरी आहे. तिच्या पोटात अगदी कमी धोक्याची माणसं आहेत आणि बऱ्याच जास्त धोक्याचीही. आपण यांपैकी कोण, हे ओळखणं हेच रिपोर्टनंतरचं खरं काम.

एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापूरच्या ५४ वर्षांच्या एका बाई आहेत. पित्ताचा जुना त्रास म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेतात. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागातून, म्हणजे अँट्रममधून, दोन तुकडे घेऊन एकाच बाटलीत पाठवले. रिपोर्ट आला: ‘मेटाप्लेझिया आहे, एच. पायलोरी दिसला नाही.’

यातली पहिली अडचण ‘जंतू दिसला नाही’ या शब्दांत आहे. पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की जंतूंची संख्या घटते आणि ते तुकड्यात सापडत नाहीत. शिवाय आतड्यासारख्या झालेल्या अस्तरावर हा जंतू फारसा टिकत नाही. तो जठराच्या उरलेल्या निरोगी भागात असतो आणि तुकडा नेमका बदललेल्या भागातून घेतलेला असतो. म्हणून या बाईंची गोळी दोन आठवडे थांबवून श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायला हवी. श्वासाच्या तपासणीत एक द्रावण पिऊन ठरावीक वेळानं पिशवीत फुंकायचं असतं. शौचाच्या तपासणीत जंतूचे प्रथिनांश शोधतात. दोन्हींत दुर्बीण लागत नाही.

समजा, तपासणीत जंतू सापडला. मग सहसा चौदा दिवसांचा, एकापेक्षा जास्त अँटिबायोटिक्सचा कोर्स दिला जातो. गोळ्या बऱ्याच असतात, तोंड कडू होतं, मळमळतं आणि सातव्या-आठव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून कोर्स सोडून देणारे खूप असतात. अर्धवट कोर्समुळे जंतू वाचतो आणि त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. पूर्ण कोर्स घेऊनही तो मेलाच असं धरून चालत नाही, कारण भारतात या जंतूनं काही अँटिबायोटिक्सना बऱ्याच प्रमाणात जुमानणं सोडलं आहे. म्हणून कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, पुन्हा आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी परत करायची. आपल्याकडे सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच.

जंतू गेल्यावर अस्तर पूर्ववत होतं का? सूज नक्की उतरते. ॲट्रोफी काही जणांत बऱ्यापैकी सुधारते. मेटाप्लेझिया मात्र सहसा तसाच राहतो. तरीही उपचार वाया जात नाही. कोरियातल्या एका अभ्यासात सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतूनच काढलेल्या रुग्णांपैकी काहींना जंतूचे औषध दिलं आणि काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवा कॅन्सर उद्भवण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे ७ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे १३ टक्के होतं. इतक्या उशिराही औषधाचा फायदा झाला होता.

आता दुसरी अडचण. या बाईंचे दोन्ही तुकडे अँट्रममधले. वरच्या मोठ्या भागाची, म्हणजे बॉडीची, काय स्थिती आहे हे रिपोर्ट सांगूच शकत नाही. हा बदल ठिपक्याठिपक्यांनी पसरतो. माती परीक्षणासाठी शेतकरी शेताच्या चार-पाच ठिकाणांहून माती घेतो, तसंच इथंही करावं लागतं. फरक इतकाच की ती माती एकत्र कालवतात आणि हे तुकडे वेगळे ठेवावे लागतात. ठरलेली पद्धत पाच तुकड्यांची आहे: दोन अँट्रममधले, दोन बॉडीमधले आणि एक दोन्हींच्या मधल्या वळणावरचा. अँट्रम आणि बॉडीचे तुकडे निदान दोन वेगळ्या बाटल्यांत, नावं घालून पाठवायचे. तरच बदल एका कोपऱ्यात आहे की सगळीकडे, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येतं.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची: मेटाप्लेझिया ‘कंप्लीट’ आहे की ‘इनकंप्लीट’. पहिल्यात पेशी लहान आतड्यासारख्या नीट घडलेल्या असतात. दुसऱ्यात त्या मोठ्या आतड्यासारख्या, अर्धवट घडलेल्या असतात आणि त्यात कॅन्सरचा धोका पहिल्याच्या साधारण तिप्पट मानतात. रिपोर्टमध्ये प्रकार लिहिला नसेल, तर त्याच काचा पुन्हा पाहून तो सांगता येतो. त्यासाठी नवीन बायोप्सी लागत नाही.

या बाईंची पाच तुकड्यांची तपासणी झाली असं धरू. अँट्रममध्ये थोडासा, कंप्लीट प्रकारचा मेटाप्लेझिया आणि बॉडी स्वच्छ. जंतू गेल्याची खात्री झालेली. आईवडील किंवा भावंडं यांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर नाही. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा व्यक्तीला ठरावीक काळानं एंडोस्कोपी करत राहण्याची गरज नाही.

आता यातलीच एकेक गोष्ट बदलून पाहू. मेटाप्लेझिया इनकंप्लीट असेल, किंवा अँट्रम आणि बॉडी दोन्हीकडे पसरलेला असेल, तर दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी. पसरलेला आहे आणि वडिलांना किंवा बहिणीला जठराचा कॅन्सर झाला होता, तर एक ते दोन वर्षांनी. रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेझिया’ आला तर गोष्टच वेगळी: काचा दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घ्यायच्या आणि चांगल्या प्रतीच्या दुर्बिणीनं लवकर पुन्हा तपासणी करायची. कारण अशी जागा सापडली तर ती बहुधा पोट न फाडता दुर्बिणीतूनच सोलून काढता येते. देखरेखीचा सगळा उद्देश हाच आहे.

देखरेखीची एंडोस्कोपी घाईत उरकायची नसते. आधी फेस आणि चिकटा धुवून घेतात, मग साध्या प्रकाशाबरोबर निळसर-हिरव्या छटेच्या प्रकाशात अस्तर पाहतात. त्यात बदललेली जागा वेगळी उठून दिसते. नुसत्या निरीक्षणाला सहा-सात मिनिटं तरी द्यावी लागतात. आणि पुढच्या खेपेला तुकड्यांत मेटाप्लेझिया आला नाही, तर तो गेला असं लगेच समजू नये. बऱ्याचदा चिमटा फक्त शेजारच्या जागी लागलेला असतो.

ॲट्रोफीबाबत महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. काही जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच जठराच्या बॉडीमधल्या ग्रंथींवर उलटते. बी-१२ शोषून घेण्यासाठी लागणारं प्रथिन याच ग्रंथी बनवतात. त्या झिजल्या की आहार कसाही असो, बी-१२ उतरतं. आपल्याकडे बी-१२ कमी निघालं की ‘मांसाहार नाही म्हणून’ असं म्हणून इंजेक्शनं दिली जातात आणि चौकशी तिथंच थांबते. बी-१२ फारच कमी असेल, जोडीला थायरॉइडचा आजार असेल किंवा आहारात बदल करूनही ते पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर डॉक्टरांशी याबद्दल बोलावं. अशी ॲट्रोफी निघाली तर तीन ते पाच वर्षांनी एंडोस्कोपी सुचवतात.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी मेटाप्लेझिया मागे हटत नाही. त्या जळजळीसाठीच असतात. धूम्रपान सोडणं आणि खारवलेलं, मिठात मुरवलेलं खाणं कमी करणं मात्र खरोखर उपयोगी आहे. वजन आपोआप घटणं, शौचाला डांबरासारखी काळी होणं, घास अडकणं, सारख्या उलट्या किंवा कारण न कळणारा ॲनिमिया यांपैकी काहीही झालं, तर तीन वर्षांच्या तारखेची वाट पाहायची नाही.

म्हणून रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हे चार प्रश्न विचारा: तुकडे कुठून आणि किती घेतले होते? प्रकार कंप्लीट की इनकंप्लीट? जंतूची तपासणी गोळी बंद ठेवून झाली का, आणि उपचारानंतर परत झाली का? माझ्या घरातला इतिहास धरून पुढची एंडोस्कोपी कधी, की नकोच? उत्तरं त्याच फायलीत लिहून ठेवा आणि बायोप्सीच्या काचा व ठोकळे कुठल्या प्रयोगशाळेत आहेत तेही नोंदवा, म्हणजे तीन वर्षांनी डॉक्टर बदलले तरी तुलना पहिल्यापासून सुरू करावी लागणार नाही.