रजेचा मेल: विषयाच्या ओळीत नेमके काय लिहावे?

शाळेपासून अर्जाचा एक साचा आपल्या हातात बसलेला असतो. 'विषय : प्रकृती अस्वास्थ्यामुळे एक दिवसाची रजा मिळणेबाबत.' कागदावर हे ठीक चालते, कारण वाचणारा ओळ शेवटपर्यंत वाचतो. मेलचे तसे नाही. मॅनेजर तो बहुधा फोनवर पाहतो आणि उभ्या धरलेल्या फोनवर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरेच दिसतात. म्हणजे 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे एक दिवसाची…' एवढे वाचून तो पुढच्या मेलकडे वळतो. 'रजा' हा शब्द कापला जातो, तारीख तर ओळीत नसतेच.

म्हणून रजा आधी, तारीख लगेच त्यामागे.

पुण्यातल्या एका कंपनीतली कर्मचारी सोमवारी रात्री तापाने फणफणली आहे, असे समजा. रात्री पावणेबाराला ती मेल लिहिते: 'उद्या येऊ शकत नाही'. मॅनेजर तो मंगळवारी सकाळी आठला उघडतो आणि 'उद्या' म्हणजे त्याला बुधवार वाटतो. अकराच्या मीटिंगला तिची जागा रिकामी दिसते, तेव्हा कुठे उलगडा होतो. तिने 'आजारपणाची रजा: मंगळवार, १२ ऑगस्ट' असे लिहिले असते, तर वाचायला कितीही उशीर झाला तरी अर्थ बदलला नसता. वारासोबत महिन्याचे नावही अक्षरात हवे. मॅनेजर अमेरिकेत असेल तर १२/८ म्हणजे त्याच्या लेखी ८ डिसेंबर.

स्वतःचे नाव ओळीत घालायची सहसा गरज नसते, ते शेजारीच दिसते. मात्र मेल खासगी पत्त्यावरून जात असेल, तर नाव जरूर लिहावे.

आजाराचे नाव मात्र तिथे नको. मॅनेजरचा फोन मीटिंगच्या टेबलावर उताणा पडलेला असतो, बंद स्क्रीनवरही विषयाची ओळ झळकते आणि शेजारी बसलेले चार जण ती वाचतात. जुलाब असोत की गर्भपात, ते सगळ्यांना कळण्याचे काहीच कारण नाही. तपशील विचारलाच, तर तो मेलच्या आत किंवा फोनवर सांगता येतो.

विषयाखाली बहुतेक अ‍ॅपमध्ये मजकुराची पहिली ओळही दिसते. तिथे 'आदरणीय सर, आपणास कळविण्यात येते की' यात जागा घालवण्यापेक्षा 'अकराच्या मीटिंगची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आहे' असे लिहिले, तर मॅनेजरचा पुढचा प्रश्न तिथेच सुटतो.

ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर जुन्याच मेलला उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. पण तिथे विषय जुनाच राहतो, वर तारीख मंगळवारचीच दिसते. नवा मेल लिहावा: 'रजा वाढवली: बुधवार, १३ ऑगस्टपर्यंत'.