न वाढलेल्या भाड्याची वाढ

कंपनीच्या वार्षिक खर्चात कार्यालयाचं भाडं हा सगळ्यात निरुपद्रवी आकडा वाटतो. पगाराचं सांगता येत नाही, विजेचं सांगता येत नाही. भाडं मात्र करारात लिहिलेलं असतं. तरीही एक गंमत बघा. तीन वर्षांतून एकदाच वाढणारं भाडं अंदाजपत्रकात दोनदा वाढतं. आणि दुसऱ्यांदा वाढतं त्या वर्षी मालकाने एक पैसाही वाढवलेला नसतो.

पुण्यात बाणेरला पाच हजार चौरस फुटांचं कार्यालय घेतलं, असं समजू. दर ऐंशी रुपये चौरस फूट, म्हणजे महिन्याला 4 लाख. करार साठ महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा. महाराष्ट्रात ही मुदत वारंवार दिसते, कारण साठ महिन्यांच्या पुढे गेलं की मुद्रांक शुल्क भाडेपट्ट्याच्या चढ्या दराने लागतं. ताबा 1 जुलै 2024 ला मिळाला. फर्निचर आणि वायरिंगसाठी दोन महिने भाडं माफ, म्हणजे प्रत्यक्ष भाडं 1 सप्टेंबर 2024 पासून. आणि एक ओळ: भाडं सुरू झाल्यापासून छत्तीस महिन्यांनी, शेवटी दिलेल्या भाड्यावर 15 टक्के वाढ.

वाढ पडते 1 सप्टेंबर 2027 ला. आर्थिक वर्ष मात्र एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे 2027-28 मध्ये एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने 4 लाखांनी जातात आणि उरलेले सात महिने 4 लाख 60 हजारांनी. वर्षाची बेरीज 52 लाख 20 हजार. आदल्या वर्षी 48 लाख होते, म्हणजे वाढ पावणेनऊ टक्के. करारात तर पंधरा लिहिलंय! मग बाकीची वाढ गेली कुठे? ती पुढच्या वर्षात जाऊन बसली. 2028-29 मध्ये बाराही महिने 4 लाख 60 हजार, एकूण 55 लाख 20 हजार, म्हणजे आणखी पावणेसहा टक्के. एकच उडी दोन वर्षांत विभागली गेली आणि तरी एकूण फरक बरोबर पंधरा टक्के भरला: 48 चे 55.2.

2028 च्या बजेट बैठकीत साहेब हमखास विचारणार, "भाडं गेल्या वर्षीच वाढवून दिलं ना? मग हे पुन्हा पावणेसहा टक्के कुठून आले?" ज्याने तक्ता वर्षावर मांडलाय त्याच्याकडे याचं उत्तर नसतं. त्याने एक तर 2027-28 च्या अख्ख्या वर्षाला पंधरा टक्के लावलेले असतात आणि तीन लाख उगाच अडकवून ठेवलेले असतात, नाही तर "सरासरी पाच टक्के धरू" म्हणत दरवर्षी थोडं थोडं वाढवलेलं असतं. दुसरी चूक ओळखणं सोपं आहे. दुसऱ्या वर्षापासून भाड्याच्या खात्यावर दरवर्षी बजेटपेक्षा कमी खर्च दिसत राहतो, आणि सगळे खूश असल्यामुळे कोणी विचारत नाही.

उपाय एकच: तक्ता महिन्यावर मांडायचा आणि वर्षाची बेरीज त्यातून येऊ द्यायची. B2 मध्ये मूळ भाडं, B3 मध्ये वाढीचा दर, B4 मध्ये मोजणी सुरू होण्याची तारीख, आणि पहिल्या ओळीत प्रत्येक महिन्याची पहिली तारीख. मग सप्टेंबर 2024 पासून पुढे प्रत्येक रकान्यात हेच सूत्र:

```
=$B$2*(1+$B$3)^INT(DATEDIF($B$4,D$1,"m")/36)
```

छत्तीस महिने भरेपर्यंत `INT` शून्य देतं, भाडं जसंच्या तसं राहतं. सदतिसाव्या महिन्याला ते एक होतं आणि 4 लाखांचे 4 लाख 60 हजार होतात. वाढ घाताने लावलेली असल्यामुळे दुसरी वाढ आलीच तर ती वाढलेल्या भाड्यावर बसते. करारात "मूळ भाड्यावर" असं लिहिलेलं असेल तर हे सूत्र चुकेल, म्हणून ते शब्द आधी वाचायचे.

आता B4 मध्ये 1 सप्टेंबरऐवजी 1 जुलै 2024 टाकून बघा. म्हणजे करारात "भाडं सुरू झाल्यापासून" ऐवजी "करार सुरू झाल्यापासून" असं आहे, एवढंच. वाढ दोन महिने आधी येते आणि 1 लाख 20 हजार रुपये जास्त जातात. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या दोन महिन्यांच्या माफीतली काही रक्कम मालकाकडे अशी गुपचूप परत जाते. वाटाघाटीत दरावर तासभर घासाघीस होते, या शब्दाकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही.

अशीच फसगत "तीन वर्षांनी पंधरा" आणि "दरवर्षी पाच" यांच्यात होते. ऐकायला दोन्ही सारखेच. माफीचे महिने बाजूला ठेवून पूर्ण पाच वर्षांचा हिशेब केला, तर पहिल्या पद्धतीत 2 कोटी 54 लाख 40 हजार जातात आणि दुसऱ्या पद्धतीत जवळपास 2 कोटी 65 लाख 23 हजार. फरक पावणेअकरा लाखांच्या वर, म्हणजे जवळपास पावणेतीन महिन्यांचं भाडं! चक्रवाढीचा वाटा यात थोडाच. बहुतेक फरक पडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी वाढ लवकर सुरू झाल्यामुळे.

यानंतर येतो तो मला सगळ्यात अजब वाटणारा भाग. वर जे मांडलं ते बँकेतून जाणारे पैसे. हिशेबाच्या वह्यांचं म्हणणं वेगळंच असतं. जुन्या भारतीय मानकांनुसार हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना एएस 19 लागू होतं, आणि साध्या भाडेकराराचा खर्च मुदतीभर सारखा पसरावा, असं ते सर्वसाधारणपणे सांगतं. आपण पूर्ण पाच वर्षं राहणार हे जवळपास नक्की आहे असं धरू. छत्तीस महिने 4 लाख आणि बावीस महिने 4 लाख 60 हजार मिळून 2 कोटी 45 लाख 20 हजार. त्याला साठने भागलं की महिना 4 लाख 8 हजार 667. हा आकडा जुलै 2024 पासूनच खर्चात पडतो, भाडं माफ असलेल्या दोन महिन्यांतही! 2027 साली येणारी वाढ पहिल्याच महिन्याच्या नफ्यातून कापली जाऊ लागते. 2024-25 मध्ये बँकेतून 28 लाख जातात, वह्यांत मात्र 36 लाख 78 हजार खर्च दिसतो. 2028-29 मध्ये उलटं: जातात 55 लाख 20 हजार, दिसतात 49 लाख 4 हजार. पाच वर्षांची बेरीज मात्र रुपयालाही चुकत नाही. इंड एएस 116 खाली येणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा हिशेब आणखी निराळा, तो इथे नको. पण यातून एक गोष्ट उघड आहे. नफ्याचं बजेट आणि रोखीचं बजेट यांना भाड्याची एकच ओळ पुरत नाही.

रोखीच्या बाजूला आणखी एक खर्च लपलेला असतो, तो म्हणजे अनामत. सहा महिन्यांच्या भाड्याएवढी, म्हणजे 24 लाख अनामत असेल आणि ती "चालू भाड्याच्या सहापट" ठेवायची असं करारात असेल, तर सप्टेंबर 2027 मध्ये वाढीव भाड्यासोबत 3 लाख 60 हजार वेगळे द्यावे लागतात. परत मिळणारे पैसे असल्यामुळे खर्चाच्या यादीत ते कुठेच सापडत नाहीत.

आणि 30 जून 2029 नंतर? तक्त्यातलं सूत्र बिनदिक्कत पुढचे आकडे देत राहील, पण त्यामागे करार नसेल. तिथून पुढचे रकाने वेगळ्या रंगात ठेवावेत आणि "नूतनीकरण गृहीत" असं वर लिहावं.

कार्यालय घ्यायच्या बेतात असाल, तर सही करण्याआधी मालकाच्या वकिलाकडून दस्ताला एक परिशिष्ट जोडून घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, महिन्याला किती रुपये. टक्केवारीच्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, रुपयांच्या तक्त्याचे निघत नाहीत.