दावा दाखल होण्याआधीच

अमेरिकी ग्राहकांचं काम करणाऱ्या हिंजवडीतल्या कंपनीत कधीतरी कायदा विभागाची मेल येते: अमुक प्रकल्पाच्या मेल, फाइली, फोनवरचे संदेश पुढची सूचना मिळेपर्यंत पुसू नका. याला ‘लीगल होल्ड’ म्हणतात. बरेच जण ती वरवर वाचून बाजूला सारतात. तसं करणं किती महागात पडतं, हे न्यूयॉर्कमधल्या ‘झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग’ या खटल्यात दिसलं.

यूबीएसमध्ये शेअर विकणाऱ्या या बाईंनी स्त्री म्हणून आपल्याशी भेदभाव होतो अशी सरकारी आयोगाकडे ऑगस्ट २००१ मध्ये तक्रार केली. दावा झाला तो २००२ मध्ये. मग जपणूक कधीपासून करायला हवी होती? न्यायाधीश शायरा शाइंडलिन यांनी उत्तर दिलं: एप्रिल २००१ पासून. कारण तेव्हाच वरिष्ठांनी त्यांच्याबद्दलच्या मेलवर ‘वकील-अशील गोपनीय’ असे मथळे घातले होते. गंमत म्हणजे त्या मेल कुठल्याही वकिलाला गेल्या नव्हत्या, सल्लाही मागितला नव्हता. खटल्याची चाहूल लागल्याशिवाय असं कोण लिहितं?

कंपनीच्या वकिलांनी ऑगस्ट २००१ मध्ये काही नष्ट करू नका असं बजावलं होतं, पुढे आठवणही दिली. तरी काहींनी मेल पुसल्या. त्या सूचनेत बॅकअप टेपचं नाव नव्हतं. तीन वर्षं राहायला हव्या होत्या अशा काही मासिक टेप सापडल्याच नाहीत, आणि पुसलेल्या मेल परत मिळवायच्या तर त्यांचाच आधार होता. एका महत्त्वाच्या कर्मचाऱ्यापर्यंत तर सूचना पोचलीच नाही.

जुलै २००४ च्या निकालात शाइंडलिन यांनी वकिलांनाही सुनावलं. सूचना पाठवून हात झटकता येत नाहीत. प्रकरणाशी जवळचा संबंध असलेल्यांशी स्वतः बोलायचं, ते कुठे काय ठेवतात हे विचारायचं, सूचनेची पुन्हा आठवण द्यायची आणि टेप सुरक्षित ठेवायच्या. माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं यातलं विचारणं आहे. संगणक विभाग एका क्लिकसरशी आपोआप पुसणं थांबवतो, पण कोणी मेल घरच्या संगणकावर उतरवून ठेवली, हे त्याला कुठून कळणार?

कायमच्या गेलेल्या मेल यूबीएसच्या विरोधात गेल्या असत्या असं मानायला हरकत नाही, असं ज्यूरीला सांगायचं ठरलं. एप्रिल २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २.९३ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्यातले २ कोटींहून अधिक दंडात्मक होते.

२०१५ मध्ये संघीय न्यायालयांचा नियम सौम्य झाला. आता इलेक्ट्रॉनिक मजकूर समोरच्याला मिळू नये या हेतूनेच गमावल्याचं सिद्ध झालं, तरच असा प्रतिकूल तर्क ज्यूरीपुढे ठेवता येतो. नुसत्या हलगर्जीपणासाठी न्यायालय समोरच्याचं नुकसान भरून काढण्यापुरते उपाय करतं. सूचना मात्र अजूनही दावा होण्याची वाट न पाहता, वादाची चाहूल लागताच काढावी लागते.