दमा असताना केदारनाथची वाट

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि चालत जायची वाट गौरीकुंडाहून, साधारण २,००० मीटरवरून सुरू होते. म्हणजे एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त चढ. हेलिकॉप्टरने पाय वाचतात, पण उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून दमा असलेल्यांनी आधी गुप्तकाशीला एक-दोन रात्री राहावं. दमा सध्या आटोक्यात नसेल, तर यात्रा पुढच्या वर्षावर ढकलावी.

औषधाचा हिशेब घरीच करा. समजा, काकूंना रोजचा प्रतिबंधक पंप सकाळी दोन आणि रात्री दोन वेळा ओढायचा आहे. दहा दिवसांचे चाळीस झटके झाले. पंपावरचा आकडा ५० दाखवत असेल तर तो पुरेल असं वाटतं, पण दरड कोसळून रस्ता तीन दिवस बंद राहिला की आणखी बारा लागतात. त्यामुळे नवा पंप सोबत हवाच. आकडा नसलेला पंप हलवून त्यात किती औषध उरलंय ते कळत नाही, कारण औषध संपल्यावरही आत वायू शिल्लक असतो. तातडीचे पंप दोन घ्या: एक स्वतःच्या खिशात, दुसरा सोबत्याकडे. खेचरावर लादलेल्या सामानात एकही नको.

थंडीत पंपातून औषध कमी बाहेर पडतं. तो स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. नाकातोंडावर सैल मफलर घेतला की आत जाणारी हवा थोडी कोमट होते. खेचरांच्या टापांनी उडणारी धूळ आणि लिदेचा वास हा या वाटेवरचा मोठा त्रास. धुळीसाठी एन-९५ मास्क जवळ ठेवा, पहाटे लवकर निघा आणि खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला थांबून तो पुढे जाऊ द्या.

चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. छातीत घरघर सुरू झाली तर बसा आणि स्पेसरमधून तातडीच्या पंपाचे चार झटके एकेक करून घ्या. प्रत्येक झटक्यानंतर चार श्वास घ्यायचे. चार मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा चार घ्या. डॉक्टरांनी वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच पाळा.

तरीही बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा बसूनही धाप लागत असेल, तर वाटेवरचं जवळचं वैद्यकीय केंद्र गाठा, १०८ ला फोन करा. त्रास उंचीचा असेल तर तो पंपाने जात नाही. अशा वेळी वर मुक्काम न करता डोली करून खाली उतरा, मंदिर अगदी समोर दिसत असलं तरी.