रांगेची गोष्ट : दोष कुणाचा, हा प्रश्न बाजूला ठेवून

मर्यादा घातलेली रांग भरली की काय करायचं, याचा विचार या आठवड्यात करायचा ठरला होता. तो लांबणीवर टाकतो, कारण मागच्या लेखावर एका वाचकाचं पत्र आलं आणि डोक्यातून जाईना. मंगळवारी दुपारी नवी आवृत्ती चढवली आणि गुरुवारी पहाटे सर्व्हिस मेली, हे वाचून ते विचारतात, "सगळं कळलं, पण अहो, मर्यादा घालायची राहिली ती कुणाकडून? अहवालात त्याचं नाव का नाही?"

हे गृहस्थ टेलिकॉममधले आहेत. ओटावाच्या पश्चिमेला आमच्या कनाटात गल्लीगल्लीत कुणी ना कुणी राउटर किंवा टेलिफोन एक्स्चेंज घडवण्यात आयुष्य घालवलेलं असतं, त्यामुळे असला प्रश्न इथे सहज विचारला जात नाही. उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी घडलं काय, ते आकड्यांत मांडतो. आकडे मी हिशेबाला सोपे पडतील असे गोल केलेत. माल पाठवणाऱ्या कंपनीची ती सर्व्हिस, काम पार्सलची लेबलं छापायला पाठवण्याचं. सेकंदाला 50 कामं येत होती. 16 थ्रेड होते आणि एका कामाला 290 मिलिसेकंद लागत, म्हणजे सेकंदाला 55 कामं उरकत. रांग रिकामीच असायची. मंगळवारच्या आवृत्तीत पत्ता तपासण्याची एक पायरी वाढली आणि एक काम 333 मिलिसेकंदांवर गेलं. आता 16 थ्रेड सेकंदाला 48 कामं करू लागले. जास्तीचा वेळ फक्त 43 मिलिसेकंद. चाचणीत तो कुणाच्याही नजरेत भरणार नाही.

सेकंदाला दोन कामं शिल्लक. एक काम मेमरीत साधारण 20 किलोबाइट, म्हणजे तासाला 144 मेगाबाइट. मोकळी मेमरी 6 गिगाबाइट होती, ती पुरली जेमतेम बेचाळीस तास. मंगळवारी दुपारी बारा ते गुरुवारी पहाटे पावणेसहा.

या बेचाळीस तासांत एकही एरर आली नाही. थ्रेड आधीपासूनच भरलेले, सीपीयू शांत. बुधवारी दुपारी रांगेत 1,72,800 कामं साचलेली होती आणि सेकंदाला 48 या वेगाने शेवटच्या कामाची पाळी तासाभराने येणार होती. म्हणजे लेबलं तासभर उशिरा छापली जात होती. गोदामातल्या लोकांनी "आज सिस्टीम सुस्त आहे" असं म्हटलंही होतं. आलेखावर मात्र फक्त मेमरीची रेघ सावकाश चढत होती, आणि जावाच्या प्रोग्रॅमची मेमरी गार्बेज कलेक्शन होईपर्यंत चढतेच, हे सगळ्यांना माहीत असतं. खरी खूण वेगळी होती : रांगेतलं सर्वात जुनं काम किती वेळ तिष्ठत आहे. तो आकडा कुणी मोजतच नव्हतं.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे वळू. मर्यादा कुणी घातली नाही? कोडमध्ये ओळ होती ती ही :

```java
ExecutorService pool = Executors.newFixedThreadPool(16);
```

वाचायला किती शहाणी ओळ आहे! लिहिणाऱ्याने मर्यादा घातलीच आहे, 16 थ्रेडची. पण ही सोय आतून `LinkedBlockingQueue` वापरते आणि तिची क्षमता न सांगितल्यास ती 2,14,74,83,647 धरली जाते. आपल्या 6 गिगाबाइटच्या दृष्टीने ती अमर्यादच. ओळ चार वर्षं जुनी होती, तपासणाऱ्यांनी ती मंजूर केली होती, आणि तोवर रांग कधी भरलीच नव्हती.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं : "अभियंत्याने रांगेला मर्यादा घालायला हवी होती." मी अहवाल वाचतो तेव्हा "हवं होतं" दिसलं की तांबडी पेन्सिल काढतो. ते वाक्य न घडलेल्या गोष्टीचं वर्णन करतं आणि घडलेल्याबद्दल काहीच सांगत नाही. नाव गाळून "मर्यादा घातली गेली नाही" असं लिहिलं तर ते त्याहून वाईट. कर्ता लपला, माहिती तेवढीच. शेवटी जे राहिलं ते असं : "थ्रेडची संख्या ठरवली की भार आटोक्यात राहतो, अशी टीमची समजूत होती. चार वर्षं अनुभवही तसाच येत होता. रांगेची लांबी दाखवणारा आलेख नव्हता." या तीन वाक्यांतून तीन कामं निघतात. नावातून एकच निघतं, त्या माणसाची बदली, आणि तशीच ओळ दुसऱ्या नऊ ठिकाणी शिल्लक राहते.

पत्रलेखकांना पटावं म्हणून त्यांच्याच धंद्यातला दाखला घेतो. 8 जुलै 2022 च्या पहाटे रॉजर्सचं जाळं कॅनडाभर कोसळलं. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक, सुमारे सव्वीस तास. इंटरॅकचे व्यवहार अडले, अनेकांचे 911 चे फोन लागेनात. सात टप्प्यांच्या सुधारणेतला सहावा टप्पा चालू होता आणि त्यात वितरण राउटरवरची मार्ग गाळणारी एक चाळणी काढली गेली. मार्गांचा लोंढा मुख्य राउटरांवर आला. तिथे जादा भार रोखणारी मर्यादा नव्हती. मेमरी आणि प्रोसेसर संपले, राउटर मिनिटांत बसले. आमची रांग बेचाळीस तासांत मेली, पण दुखणं त्याच जातीचं.

नियामक सीआरटीसीने झोना पार्टनर्सकडून याची चौकशी करून घेतली आणि 2024 मध्ये तिचा सारांश प्रसिद्ध झाला. चाळणी काढणाऱ्याचं नाव शोधायला तो उघडलात तर हात हलवत परत याल. मात्र दोन गोष्टी सापडतील. पहिली : या सुधारणेची जोखीम सुरुवातीला "उच्च" ठरवली होती. आधीचे टप्पे बिनबोभाट पार पडले, तेव्हा ती "कमी" झाली आणि कडक तपासणीची गरजही त्याबरोबर गेली. त्या पहाटे बदल करणाऱ्याच्या हातात "कमी जोखीम" असाच कागद होता. दुसरी : राउटरपर्यंत पोचायचं व्यवस्थापनाचं जाळंही त्याच मुख्य जाळ्यावर उभं होतं. लॉग दिसेनात, कर्मचाऱ्यांचे फोनही कंपनीच्याच नेटवर्कवरचे; दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं दूरच्या केंद्रांवर पाठवावी लागली. नेमकं कारण कळायलाच सुमारे चौदा तास गेले. माणूस बदलून यातलं काय सुधारलं असतं?

दोष न देण्याच्या पद्धतीला एक सीमा आहे, तीही सांगतो. ती सत्य मिळवण्यासाठी आहे, सौजन्यासाठी नाही. आमच्या घटनेत ऑनकॉलवरच्या मुलीने बैठकीत आपणहून सांगितलं की मेमरीची रेघ तिने बुधवारी रात्री पाहिली होती आणि सर्व्हिस रीस्टार्ट करावी असं मनात आलं होतं. केली असती तर रांगेतली दोन लाखांवर कामं, जी फक्त मेमरीतच होती, क्षणात नाहीशी झाली असती, आलेख सपाट झाला असता आणि पुढचे बेचाळीस तास पुन्हा मोजायला सुरुवात. रीस्टार्ट केल्यावर कामं उडतात हे टीममधल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, ते तिच्या त्या वाक्यामुळे कळलं. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असती तर रेघ पाहिल्याचंच ती बोलली नसती.

अहवालातल्या कामांच्या यादीत पहिलं : रांगेची क्षमता 2,880. ग्राहकाला एक मिनिट थांबणं चालतं आणि सेकंदाला 48 कामं होतात, त्यांचा तो गुणाकार. 2,881 वं काम आलं की त्याला नकार द्यायचा, पाठवणाऱ्यालाच थांबवायचं, की सर्वात जुनं काम टाकून द्यायचं, यावर टीममध्ये आठवडाभर वाद झाला. तो पुढच्या लेखात, आता मात्र नक्की.