डाय चढली की नाही?

भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये डाय बदलताना तासभर उभे राहून बघा. जुनी डाय उतरते, नवी क्रेनने येते, बोल्ट आवळले जातात, शट हाइट जुळवली जाते. मग दहा-पंधरा नग भंगारात गेल्यावर कुठे पहिला नग पास होतो. एवढे सगळे एका नगासाठी केले काय आणि दोन हजारांसाठी केले काय, खर्च तोच. म्हणून सुपरवायझर म्हणतो, चढलीच आहे तर महिन्याचा माल काढून घेऊ. आणि स्टोअरवाला म्हणतो, ठेवू कुठे?

आकडे धरून बघू. एका ब्रॅकेटची चार आठवड्यांची मागणी 800, 300, 1200 आणि 400 नग. डाय एकदा चढवायला 1500 रुपये, आणि एक नग एक आठवडा पडून राहिला तर 1 रुपया. दर आठवड्याला डाय चढवली तर 6000 रुपये गेले. सगळा माल पहिल्याच आठवड्यात काढला तर डायचे 1500 आणि साठ्याचे 3900, म्हणजे 5400. पहिल्या आठवड्यात 1100 आणि तिसऱ्यात 1600 काढले, तर डायचे 3000 आणि साठ्याचे 700. एकूण 3700, आणि याहून स्वस्त वेळापत्रक निघत नाही.

इथे पर्याय आठच आहेत, कागदावर तपासून होतात. वॅग्नर आणि व्हिटिन यांनी 1958 मध्ये दाखवले की एकच वस्तू असेल आणि यंत्राच्या क्षमतेची अडचण नसेल, तर जुना साठा शिल्लक असताना नवा लॉट काढण्याची गरज कधीच पडत नाही. लॉट नेहमी पुढच्या काही पूर्ण आठवड्यांची मागणी भागवणारा असतो. या एका गुणामुळे हिशेब फार सोपा होतो. पण प्रेसला मर्यादा आली की तो गुण गळून पडतो. समजा आठवड्याला 1500 नगच निघतात. मग 1600 चा लॉट बसत नाही; शंभर नग पहिल्याच आठवड्यात काढून दोन आठवडे सांभाळावे लागतात आणि खर्च 3900 होतो. त्यात त्याच प्रेसवर वीस वस्तू आल्या, की काम संगणकाकडे जाते.

संगणकाला मात्र ‘डाय चढवली’ ही गोष्ट वेगळी सांगावी लागते. दर आठवड्याला एक हो-नाहीचा आकडा ठेवतात: चढवली तर 1, नाही तर 0. आणि तो उत्पादनाला असा बांधतात:

```
s[t-1] + x[t] = d[t] + s[t]
x[t] <= M[t] * y[t]
```

पहिली ओळ साध्या जमाखर्चाची: मागचा साठा अधिक नवा माल म्हणजे मागणी अधिक उरलेला साठा. खरी कळ दुसऱ्या ओळीत आहे. y शून्य असेल तर x लाही शून्यच व्हावे लागते. y एक असेल तर M पर्यंत कितीही नग काढा.

हा M किती घ्यायचा, यात नवखे लोक फसतात. ‘मोठा घेऊन टाकू’ म्हणून ते दहा हजार घालतात. पण उत्तर शोधताना संगणक आधी हो-नाहीची अट सैल करून बघतो, y ला अपूर्णांक चालवून घेतो. मग 800 नगांसाठी 0.08 डाय चढवली तरी भागते! चारही आठवड्यांचा खर्च निघतो 405 रुपये. खरे उत्तर 3700; इतक्या खालच्या अंदाजावरून खऱ्या उत्तरापर्यंत पोहोचायला वस्तू वाढल्या की तासन्‌तास लागतात. M म्हणून त्या आठवड्यापासून पुढची उरलेली मागणी घ्या: 2700, 1900, 1600, 400. तोच सैल हिशेब एकदम 2580 च्या आसपास येतो. प्रेसची क्षमता त्याहून कमी असेल तर ती घ्या.

M दहा कोटी ठेवला तर गंमत आणखी पुढे जाते. काही सॉल्व्हर 0.00001 एवढा फरक माफ करतात. 800 नगांना लागतो 0.000008, तो शून्यच धरला जातो. रिपोर्टमध्ये माल तयार, डाय मात्र चढलेलीच नाही. खर्च संशय यावा इतका कमी दिसला तर आधी हेच बघावे: x आहे आणि y शून्य, अशी ओळ कुठे आहे का.

आता त्या 1500 बद्दल. त्यात फिटरचा पगार धरावा का? तो तर डाय बदलली नाही तरी द्यायचाच असतो. माझ्या मते, प्रेस गच्च भरलेली असेल तर तिचा बंद राहिलेला वेळ मोजावा; रिकामी असेल तर वाया गेलेला पत्रा आणि फार तर वीज. हा आकडा बदलला की वेळापत्रक बदलते. डायची बदली इतकी झटपट होऊ लागली की एका वेळचा खर्च तीनशेच्या खाली आला, तर दुसऱ्या आठवड्याचे 300 नग आठवडाभर सांभाळण्यापेक्षा डाय पुन्हा चढवणेच स्वस्त पडते, आणि सगळे वेळापत्रक ‘दर आठवड्याला चढवा’ इथे येऊन थांबते.